व्हीपीएनचा चार्ज घेताना

आमच्या संस्थेचं ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत आहे. 2019 च्या महापुरानंतर लाभार्थ्यांचे सगळे कागद स्कॅन करून एका छोट्या कॉम्प्युटरवर ठेवायची पद्धत पडली. गगनबावडा, शाहूवाडीकडे फिरणारे कार्यकर्ते त्या फायली मोबाईलवरून बघतात, तेही व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी, कुलूपबंद वाटेने. ऑफिसच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता, मिळत नाही, त्यामुळे बाहेरून थेट तिथं पोचता येत नाही. म्हणून भाड्याच्या एका सर्व्हरवर वायरगार्ड नावाचं व्हीपीएन सॉफ्टवेअर बसवलेलं आहे. ऑफिसचा कॉम्प्युटर आणि सगळ्यांचे मोबाईल त्या सर्व्हरला जोडले जातात आणि तिथंच त्यांची गाठ पडते.

हे सगळं उभं करणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघाला आणि चार्ज माझ्याकडे आला. "दादा, सगळं माझ्या डोक्यात आहे, काय अडलं तर फोन कर," असं तो म्हणाला. म्हटलं, तुझं डोकंच पुण्याला चाललंय, आधी कागदावर उतरव. तो हसला आणि लॅपटॉप उघडून बसला.

त्याने दिलेल्या यादीत पहिलं कलम होतं सर्व्हरचा पासवर्ड. मी ते खाली ढकललं. पासवर्ड हातात आला म्हणजे दार उघडतं, पण आत कोण कोण बसलंय हे त्यावरून कळत नाही. म्हणून सर्वांत वर लिहिलं: कोणती की कोणाची?

वायरगार्डमध्ये युजरनेम नावाची भानगडच नाही. प्रत्येक उपकरणाची एक पब्लिक की असते, 44 अक्षरांची, आणि सर्व्हर तेवढंच ओळखतो. नावं ठेवायची तर कॉन्फिग फाईलमध्ये प्रत्येक की शेजारी `#` टाकून हाताने लिहावी लागतात. त्याने ती लिहिलीही होती म्हणे. पण फाईल उघडली तर एकही नाव नाही. वर ओळ होती `SaveConfig = true`. ही ओळ असली की इंटरफेस, म्हणजे सर्व्हरवरची wg0 नावाची व्हीपीएन जोडणी, बंद होताना चालू स्थिती फाईलवर परत लिहिली जाते आणि हाताने लिहिलेल्या टिपा पुसल्या जातात. एखादं रीस्टार्ट झालं असेल आणि नावं गेली. वरून, इंटरफेस चालू असताना फाईलमध्ये केलेला बदलही अशाच रीतीने गुपचूप उडतो. म्हणून चालू स्थिती आधी `sudo wg-quick save wg0` ने फाईलमध्ये उतरवून घेतली आणि मग ती ओळ काढून टाकली.

आता समोर 14 की होत्या आणि नाव एकालाही नव्हतं.

```
sudo wg show wg0
```

यात प्रत्येक की खाली `latest handshake` दिसतं, म्हणजे त्या उपकरणाशी शेवटची सलामी कधी झाली. वापर चालू असेल तर ती साधारण दर दोन मिनिटांनी नवी होते. ती ओळच नसेल तर इंटरफेस सुरू झाल्यापासून ते उपकरण आलेलंच नाही. मात्र रीस्टार्ट झाला की हा हिशेब शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे कालच रीबूट केलेल्या सर्व्हरवर हे बघून कोणाला काढायचं नाही.

कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला: ॲपमध्ये टनेलच्या नावावर टिचकी मारा, पब्लिक की दिसेल, तिचा स्क्रीनशॉट मला पाठवा, एडिटमध्ये जाऊ नका. पब्लिक की दुसऱ्याला दिसली तर काही बिघडत नाही, प्रायव्हेट की मात्र दिसता कामा नये. फोनवर वाचून घ्यायचा नाद सोडला, कारण लहान-मोठ्या अक्षरांत फरक असतो आणि मग सगळा गोंधळ होतो.

बहुतेकांची की जुळली. मग व्हीपीएनमध्ये 10.8.0.9 हा पत्ता असलेल्या की वर येऊन अडलो. तीच की दोन ताईंच्या स्क्रीनशॉटमध्ये होती. त्यातल्या एक ताई बरेच दिवस म्हणत होत्या, "अहो, फाईल अर्धी उघडते आणि गरगर फिरत बसते." सगळे त्यांच्या रेंजला दोष देत होते, आणि गगनबावड्याच्या बाजूला ते खरंही वाटतं. मी दोघींना एकाच वेळी व्हीपीएन चालू करायला सांगितलं आणि हे लावून बसलो:

```
watch -n 5 sudo wg show wg0 endpoints
```

.9 च्या की समोरचा इंटरनेटवरचा पत्ता एकदा मोबाईल कंपनीचा, थोड्या वेळाने ब्रॉडबँडचा, पुन्हा मोबाईलचा. पत्ता एकदा बदलणं साधी गोष्ट आहे. घरच्या वायफायवरून बाहेर पडलं तरी तो बदलतो. पण दोनच पत्ते असे मिनिटामिनिटाला आलटून पालटून येत असतील तर एक की दोन फोनमध्ये आहे असं समजावं. सर्व्हर एका की साठी एकच पत्ता लक्षात ठेवतो, शेवटचं पॅकेट जिथून आलं तो. एकीने मागितलेली फाईल दुसरीच्या फोनकडे निघते, तिथं ती उलगडत नाही, आणि दोघीही खोळंबतात.

मूळ सापडलं ते क्यूआर कोडच्या फोटोत. ॲपने हा कोड स्कॅन केला की व्हीपीएनची सगळी माहिती फोनमध्ये भरली जाते. नव्या ताई आल्या तेव्हा जुन्या ताईंनी आपला क्यूआर व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला होता. त्यांचा त्यात दोष नाही, त्या फोटोत प्रायव्हेट की असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. फोटो अजून कोणाकडे गेलाय याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं, म्हणून ती की काढायचीच ठरवली. दोघींच्या फोनवर ॲपमध्येच नवी की तयार केली. प्रायव्हेट की फोनमध्येच राहिली आणि माझ्याकडे फक्त पब्लिक की आली. फाईलमध्ये दोघींना वेगळे पत्ते दिले, जुना तुकडा खोडला, प्रत्येकीचं नाव वर लिहिलं आणि हे चालवलं:

```
sudo bash -c 'wg syncconf wg0 <(wg-quick strip wg0)'
```

याने बाकीच्यांचं कनेक्शन न तोडता फाईल लागू होते. `wg set ... remove` नेही की लगेच निघते, पण फाईलमध्ये ती राहिली तर पुढच्या रीबूटला परत हजर. आता यादीत कलम आहे: क्यूआर समोरासमोरच दाखवायचा, फोटो काढायचा नाही.

ज्या की ना कोणी आपल्या म्हटलं नाही, त्या एकदम काढल्या नाहीत. हॅंडशेक नसलेल्या आधी काढल्या. एक मात्र रोज सकाळी येत होती. ती ऑफिसच्या कॉम्प्युटरचीच निघाली. हिशेबाचे काका तो रोज सकाळी येऊन चालू करतात, आणि त्यावर `PersistentKeepalive = 25` असल्यामुळे कोणी वापरत नसलं तरी दर 25 सेकंदांनी तो सर्व्हरला हाक देतो. ती की काढली असती तर फायलींपर्यंत कोणीच पोचलं नसतं.

बाकीची कलमं फटाफट झाली. `systemctl is-enabled wg-quick@wg0` चं उत्तर `enabled` आलं, तरी विश्वास नको म्हणून सर्व्हर खरोखर रीबूट केला आणि ऑफिसचा कॉम्प्युटरही मेन स्विचवरून बंद करून चालू केला. `/etc/wireguard` ची एन्क्रिप्ट केलेली प्रत पेनड्राइव्हवर घेतली.

आधीच्या मुलाची सर्व्हरवर लॉगिन करायची एसएसएच की आणि मोबाईलची की सर्वांत शेवटी काढली, तो शेजारी बसलेला असताना. आधी माझ्या की ने नवीन विंडोत लॉगिन होतंय हे पाहिलं, जुनी विंडो उघडीच ठेवली, मग `authorized_keys` मधून त्याची ओळ खोडली. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवरून प्रयत्न करून बघितला. `Permission denied` आलं तसा म्हणाला, "चला, सुटलो एकदाचा."

एक कलम अजून लोंबकळतंय. सर्व्हरचं खातं त्याच्या ईमेलवर आहे, ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातो आणि भाडंही त्याच्याच कार्डातून कटतं. खातं संस्थेच्या ईमेलवर आणायचं तर नवा मोबाईल नंबर लागतो. तो कोणाचा द्यायचा यावर विश्वस्तांची चर्चा चालू आहे. तोवर भाड्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी त्याला फोन करायचं माझ्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलंय.