बंदीच्या महिन्यात बाळ

११ जानेवारी

डॉक्टरांनी तारीख दिली, १५ जुलैच्या आसपासची. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना प्रसाद एवढंच म्हणाला, "म्हणजे ऐन बंदीत."

त्याचा टेम्पो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासळीवर चालतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, बंदर ओस पडतं आणि टेम्पोला सिमेंट, किराणा असं सटरफटर भाडं तेवढं मिळतं. एरवी डिझेल आणि टेम्पोचा हप्ता वजा जाता त्याच्या हातात २४,००० पडतात, बंदीत जेमतेम ८,०००. माझा पगार २६,००० आहे. घरभाडं, किराणा, सासरी पाठवायचे पैसे, विम्याचे हप्ते आणि म्युच्युअल फंडातल्या दोन एसआयपींचे मिळून ६,००० धरले की महिन्याला ४१,००० जातात. चांगल्या महिन्यात ९,००० उरतात, बंदीच्या महिन्यात ७,००० कमी पडतात. दरवर्षी हे आम्ही कसंबसं निभावून नेतो. यंदा त्यात बाळंतपण.

१८ जानेवारी

सासूबाई गावाहून आल्यात. रात्री जेवताना म्हणाल्या, "ती एसआयपी की काय ती बंद कर गो आता. बाळ झालं की बघू." प्रसादचंही तेच म्हणणं. फेब्रुवारी ते जुलै सहा हप्ते वाचले की ३६,००० होतात, हा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर आहे, पण मला तो पटत नाही, आणि का पटत नाही ते कागदावर मांडल्याशिवाय मलाही नीट सांगता येईना. अकाउंट्समध्ये नोकरी करून घरचा कागद मात्र कधी केला नव्हता.

म्हणून आज केला. बाळाला एकूण किती लागेल हा प्रश्न बाजूलाच ठेवला, त्याला अंत नाही. कोणत्या महिन्यात किती येणार आणि किती जाणार, एवढंच पुढच्या फेब्रुवारीपर्यंत लिहीत गेले.

खर्च सगळीकडे पसरलेला असेल असं वाटलं होतं, तसं निघालं नाही. सगळ्यात खोल खड्डा जुलैअखेरीला येतो. आम्ही ठरवलेल्या खाजगी हॉस्पिटलने नॉर्मलला ४५,००० आणि सिझेरियनला ८०,००० सांगितलेत. मी सिझेरियनचा आकडा धरला. जूनमध्ये बंदीची ७,००० ची तूट आणि तपासण्यांचे २,०००. जुलैत बंदीची तूट तीच, वर बाळाचं सामान, औषधं आणि मालिशवाली मिळून ५,०००. या दोन महिन्यांचे २१,००० झाले. म्हणजे जुलैअखेरपर्यंत साधारण लाखभर रुपये हाताशी हवेत.

जमतील किती? तपासण्या-सोनोग्राफीचे २,००० काढून जानेवारी ते मे महिन्याला ७,००० उरतील, त्याचे ३५,०००. एप्रिल-मेमध्ये टेम्पो हापूसच्या पेट्या घेऊन वाशीला जातो, त्यातून दोन महिन्यांत वरचे २४,००० सुटतात. एकूण ५९,०००. तूट ४२,००० ची.

२५ जानेवारी

आज ऑफिसात एचआरच्या बाईंना गाठलं. तीन गोष्टी विचारल्या आणि उत्तरं ईमेलवर मागून घेतली. तोंडी "होऊन जाईल" वर माझा विश्वास नाही.

पहिली रजा. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. मी १ जुलैपासून घेतली तर डिसेंबरअखेरपर्यंत पुरते. मोठा दिलासा हाच, कारण बंदीत प्रसादचं उत्पन्न घसरेल तेव्हा माझा पगार चालू असेल.

दुसरी विमा. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत सिझेरियनला ५०,००० पर्यंत मिळतात, त्यासाठी थांबावं लागत नाही. ओळखीचा एक एजंट आता नवी पॉलिसी काढा म्हणून मागे लागलाय. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत प्रसूतीच्या खर्चाला बहुतेक ठिकाणी काही महिने ते काही वर्षं थांबावं लागतं, दिवस गेल्यावर काढून या बाळंतपणाला तिचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट विचारली म्हणून कळली. आमचं हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत नाही. बिल आधी आपण भरायचं, डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल आणि मूळ पावत्या लावायच्या, मग पैसे येणार. तेव्हा ते ५०,००० जुलैच्या हिशेबातून वजा करून चालणार नाही. ते मिळतील, पण खड्डा पार झाल्यावर, सप्टेंबरच्या आसपास. बाळाचं नाव पॉलिसीत ठरलेल्या मुदतीत घालायचं असतं, तेही वहीत टिपून ठेवलंय. तेव्हा झोपेचं खोबरं झालेलं असणार, आठवायचं कुणाला!

१ फेब्रुवारी

आज प्रसादला कागद दाखवला.

४२,००० ची तूट फक्त सिझेरियन झालं तर. नॉर्मल झालं तर ती ७,००० वर येते. एसआयपी आत्ता थांबवली तर जुलैत येईल की नाही हे माहीत नसलेल्या बिलासाठी फेब्रुवारीपासूनच पैसे अडवून बसल्यासारखं होईल. त्याऐवजी अडीअडचणीसाठी ठेवलेली आमची ६०,००० ची एफडी आहे. बिल हातात आलं की लागेल तेवढीच मोडायची. विम्याचे ५०,००० आले की त्यातले ४२,००० आधी एफडीत परत. ते आणखी कशाला वापरायचे नाहीत, हे दोघांनी वहीत लिहून ठेवलं.

"आणि बाळाला काचेत ठेवायला लागलं तर?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. पावसात आंबा घाटातून कोल्हापूरला हलवायची वेळ येते ती कल्पना दोघांनाही नकोशी वाटते. तेव्हा क्रम ठरवला. आधी एफडीतले उरलेले १८,०००. त्यानेही भागलं नाही तर त्या दिवशी एसआयपी दोन-तीन महिने 'पॉज' करायची, ती सोय असते. फंडातली युनिट्स विकणं सगळ्यात शेवटी. शिवाय सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, आणि आजारी बाळाचे उपचार मोफत असतात. तो पर्याय कमीपणाचा समजायचा नाही, असंही ठरलं.

त्याला पटलं ते मात्र दुसऱ्याच मुद्द्याने. मी विचारलं, थांबवलेली एसआयपी पुन्हा सुरू कधी करणार? बाळ आल्यावर महिन्याला ९,००० नाही, ४,००० उरणार. त्यातून ६,००० चा हप्ता नव्याने सुरू करायचं धाडस कोण करणार? सहा महिन्यांची सुटी म्हणता म्हणता दीड वर्ष जाईल.

माझ्या जावेला मात्र मी उलट सल्ला दिला. ती कंत्राटावर आहे, पगारी रजा नाही, एफडीही नाही. तिने हप्ता ५०० वर आणून बाकीचे पैसे बँकेत ठेवावेत हेच बरं. तिला मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्याचे ५,००० मिळू शकतील, आशाताईंकडे अर्ज करायला सांगितलं. मला कायद्याने पगारी रजा मिळते, म्हणून मी ते धरलेले नाहीत.

८ फेब्रुवारी

प्रसादची नवी टूम. हे महिन्याचे ७,०००पण त्याच फंडात टाकूया, जास्त मिळेल. मी साफ नाही म्हटलं. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार काही आठवड्यांत एक तृतीयांशाहून जास्त पडला होता. अठरा वर्षांनी लागणाऱ्या पैशाला त्याने फरक पडत नाही. १५ जुलैला लागणाऱ्या पैशाला पडतो.

म्हणून ते बँकेत मेअखेर संपणाऱ्या छोट्या मुदत ठेवींत टाकायचं ठरलं. आंब्याचे पैसे लिक्विड फंडात जातील, ते काढले की साधारण पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. पण बाळ कामाचे दिवस बघून थोडंच येणार! हॉस्पिटलचा २०,००० चा अॅडव्हान्स बचत खात्यातच राहील आणि थोडी रोकड घरात. जुलैत इथे लाइट गेली की मोबाइलची रेंजही जाते, मग यूपीआय कुठलं चालायला.

एसआयपीचं एक कामही उरकलं. हप्ता ५ तारखेला जातो, माझा पगार ७ ला होतो. एरवी प्रसादच्या पैशांनी खात्यात शिल्लक असते, जुलैत नसेल. हप्ता परत गेला की बँक दंड लावते आणि मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले तर ती आपोआप रद्द होते. जून ते ऑगस्टचे १८,००० मेमध्येच त्या खात्यात टाकून ठेवायचे ठरलं. एकूण लागणाऱ्या पैशात त्याने वाढ होत नाही, क्रम तेवढा बदलतो. एप्रिलमध्ये हप्ता दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवतो, ते मात्र यंदा नाही.

२ मार्च

मला डिसेंबरनंतरही दोन महिने घरी राहायचंय, बिनपगारी. माझा पगार नसला की महिन्याला २२,००० कमी पडतात. ऑगस्ट ते डिसेंबर दर महिन्याचे ४,००० साठवले तर २०,००० होतात. एफडी भरून विम्याचे ८,००० उरतात. २८,००० मध्ये जानेवारी बसतो, फेब्रुवारी बसत नाही. दिवाळीचा बोनस गेल्या वर्षी १८,००० होता, तेवढा आला तर फेब्रुवारीही बसेल. नाही आला तर १ फेब्रुवारीला मी ऑफिसात आणि सासूबाई इथे. त्यांना आजच विचारून ठेवलं. "न विचारता पण आले असते," म्हणाल्या.

लसींचे वेगळे पैसे धरलेले नाहीत. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोकोकल या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, खाजगीत यातल्याच दोन-तीन चांगल्या महाग पडतात.

पुढचं बघताना एक गोष्ट लक्षात आली. पाळणाघराचे पैसे महिन्याला जातील, ते जमेल. पण बालवाडीची फी, पुढे शाळेची फी, गणवेश, दप्तर, सगळं जूनमध्ये, म्हणजे पुन्हा बंदीतच. तेव्हा यंदाच्या ठेवी मेमध्ये संपल्या तरी ती सवय मोडायची नाही. मी कामावर परतले की पुढच्या मार्चपासून महिन्याला २,००० ची आरडी, मुदत दरवर्षी मेअखेरची. प्रसाद म्हणतो त्यातून टेम्पोच्या विम्याचा हप्ताही भागेल, तोही जूनमध्येच येतो. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.