वर्षअखेरीचा मेल: शुभेच्छा की छुपं कोटेशन?

आजचा दिवस ग्राहकांना वर्षअखेरीचे मेल लिहिण्यात गेला. अशा मेलचा जीव एकाच वाक्यात असतो: त्या ग्राहकासोबत यंदा नेमकं काय घडलं. ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’ हे कुणालाही चालतं, म्हणून कुणालाच भिडत नाही. समजा, खोके पुरवणाऱ्याने लिहिलं, ‘जूनमध्ये खोक्याचं माप बदललं, तेव्हा तुमच्या स्टोअरच्या टीमने नमुने त्याच दिवशी तपासून दिले, म्हणून माल वेळेवर निघाला. त्यांना आमचे आभार सांगा.’ हे वाचून मेल आपोआप त्या टीमकडे फॉरवर्ड होतो.

त्याखाली आपल्या सुट्टीच्या तारखा आणि त्या काळात तातडीला फोन कोण उचलेल, एवढंच. पाच-सहा ओळी पुरतात.

बिघडतं ते बहुधा शेवटी. ‘नव्या वर्षात नव्या ऑर्डरची वाट पाहतोय’ असं लिहिलं की आधीचे आभार विक्रीची प्रस्तावना वाटतात. सहीखाली आपोआप चिकटणारी कॅटलॉगची लिंकही तेच करते. ती या मेलपुरती काढा. थकीत बिलाची आठवण तर वेगळ्या मेलने, वेगळ्या दिवशी. आणि हो, मेल डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाठवा, ३१ तारखेच्या गर्दीत तो कुणी उघडत नाही.