उतू न जाणारा कुकर

घरगुती वस्तूंच्या जाहिरातींसाठी संहिता लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. गेल्या महिन्यात एका कंपनीच्या नव्या प्रेशर कुकरसाठी पाऊण मिनिटाच्या रीलचे संवाद लिहून दिले होते, पण चित्रीकरणाच्या दिवशी त्यांतले मुख्य वाक्य सेटवरच बदलावे लागले.

कुकर पाच लिटरचा, स्टीलचा होता आणि त्याच्या झाकणाला मध्यभागी वाटीसारखा खोलगट भाग होता. शेजारच्या काकूंनी ओट्यावर सांडलेल्या वरणाची तक्रार करायची आणि शीतलने म्हणायचे, "काकू, या कुकरमधून काही उतू जातच नाही." हे वाक्य कंपनीच्या माहितीपत्रकातूनच आले होते.

दिग्दर्शकाला खरी वाफ हवी होती, म्हणून तूरडाळ प्रत्यक्षच शिजवायला ठेवली. कुकर भरलेला दिसावा म्हणून कोणीतरी डाळ आणि पाणी मिळून पाऊण भांडे भरले आणि आच मोठी ठेवली. पहिल्याच शिट्टीला स्वच्छ वाफेऐवजी पिवळसर फेसाचे शिंतोडे उडाले आणि झाकणाची वाटी भरू लागली. सेटवर स्वयंपाकाचे पाहणाऱ्या मावशींनी गॅस बंद केला आणि त्या म्हणाल्या, "डाळीला कुकर अर्ध्याच्या वर भरायचाच नसतो, आणि शिट्टी झाली की आच बारीक करायची."

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. शिट्टी उचलली जाते तेव्हा आतला दाब एकदम उतरतो, त्यामुळे १०० अंशांच्या बराच वर तापलेले पाणी उसळून उकळते आणि डाळीचा फेस वाफेबरोबर नळीत चढतो. झाकणाचा खोलगट भाग हा फेस अडवत नाही; तो फक्त झेलतो आणि ओट्यावर ओघळू देत नाही. नळीत डाळीचा कण अडकला, तर वाटी कितीही खोल असली तरी वाफ कोंडते आणि मग भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवरच राहते. म्हणजे माझ्या वाक्यातला दावा नुसता फुगवलेलाच नव्हता, तर तो ऐकून कोणी कुकर काठोकाठ भरला असता.

तिथेच बसून मी नवे संवाद लिहिले:

"काकू, फेस येतोच, पण तो झाकणातच राहतो, ओट्यावर येत नाही."

"म्हणजे कितीही डाळ घातली तरी चालेल का गं?"

"छे! डाळ असेल तर पाण्यासकट अर्धाच भरायचा. आणि धुताना शिट्टीखालच्या नळीतून आरपार उजेड दिसतो ना, तेही बघायचं."

कंपनीच्या प्रतिनिधींना "छे!" खटकले, कारण जाहिरातीत नकार नको, असे त्यांचे मत होते. मला मात्र त्या एका शब्दामुळेच दोघी खऱ्या शेजारणी वाटत होत्या. शेवटी "छे!" राहिले आणि वेळेच्या हिशेबात नळीचे वाक्य गेले, ते निदान रीलखालच्या मजकुरात तरी टाका, असे मी लेखी कळवले आहे.