लांग्झाचा एक फोटो आणि न काढलेला दुसरा

स्पितीचे आठ दिवस माझ्या डोक्यात एका फोटोभोवतीच गोळा झालेत. बाकी खिंडी, मठ, धुळीने भरलेल्या बॅगा सगळं छान होतं. रस्त्यांबद्दल मी काही बोलणार नाही, कंबर अजून बोलते आहे.

लांग्झा सुमारे 4,400 मीटरवर आहे. तिथे गाडी अर्धा तास थांबणार होती, त्यातली दहा मिनिटं गटाच्या सेल्फीत गेली. तेवढ्यात मी गावामागच्या काळ्या उतारावर गेले. पायाखाली पाटीसारखा चुरचुरणारा शेल नावाचा चिखलाचा खडक, त्यातून वर आलेले कठीण गोळे. अशाच एका अर्ध्या रुतलेल्या गोळ्यावर ते दिसलं: पिळदार, फासळ्या असलेलं चक्र. शाळिग्राम! आमच्या आजीच्या देवघरातला हुबेहूब, फक्त मोठा. मी वाकले, झूम करून चौकट चक्राने गच्च भरली, क्लिक केलं आणि हॉर्न ऐकून पळत सुटले.

संध्याकाळी मुक्कामी फोन सगळ्यांसमोरून फिरवला. आमच्यात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक मॅडम होत्या, प्रवासभर फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी फोटो मोठा केला, चष्मा सरकवला आणि विचारलं, "केवढं होतं हे?"

मी हाताने अंदाज दाखवला. त्या हसल्या. "हात दर वेळी मोठा होतो. शेजारी काही ठेवलं होतं का?"

नव्हतं. पण एका कोपऱ्यात माझ्या बुटाचं टोक आलं होतं, तेच कामी आलं. बूट 10 सेंटिमीटर रुंद. फोटोत चक्र त्याच्या सव्वापट भरलं, म्हणजे साधारण साडेबारा. पण बुटाचा वरचा भाग दगडापेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ होता, म्हणून तो फोटोत जरा मोठा दिसतो आणि चक्र त्या मानाने लहान. ते धरलं की आकडा साडेतेराकडे सरकतो. एवढ्यावर समाधान मानायचं ठरलं. नाण्याने हे काम एका सेकंदात झालं असतं.

मग मी माझं संशोधन सांगितलं. चक्राच्या आतल्या वेढ्यांवर नाजूक पानासारखी नक्षी होती, म्हणून मी म्हटलं, "शंखावर फर्नचा ठसाही उमटलाय."

"पान नाही हो, शिवणी आहेत त्या."

हा अमोनाइट. आज जिवंत असलेल्यांत गोगलगाईपेक्षा माकूळ-आठपायांच्या नात्यातला, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपलेला. शंख वाढेल तसा हा प्राणी पुढे सरके आणि मागे एकेक पडदा घालून बंद कप्पे तयार करी. त्या कप्प्यांतल्या वायूवर तो पाण्यात तरंगे. पडद्याची कड शंखाच्या भिंतीला जिथे चिकटते तिथे ती घड्या घालत जाते, आणि तीच ही नक्षी. शंख शाबूत असेल तर ती बाहेरून दिसत नाही. म्हणजे माझ्या फोटोत शंख जवळजवळ उरलाच नव्हता. कप्प्यांत भरून घट्ट झालेला ऐवज, आतला साचा, तेवढा होता. आजीच्या देवघरातला शाळिग्राम मी आयुष्यभर शंख समजत आले, तोही बहुधा साचाच असावा.

"आता बघा, शिवणी कुठे थांबतात?" बाहेरच्या वेढ्याच्या शेवटच्या भागावर एकही नव्हती. तिथे प्राणी स्वतः राहत असे. शिवाय शेवटच्या दोन-तीन शिवणी आधीच्यांपेक्षा एकमेकींच्या फार जवळ होत्या. वाढ मंदावली की पडदे दाटीने पडतात, म्हणून हा बहुधा पूर्ण वाढलेला असावा. दाटी मधल्याच वेढ्यात येऊन पुन्हा सैल झाली असती, तर आजारपण किंवा उपासमारीचा संशय घ्यावा लागला असता. फोटो पाहून वय न सांगता वयात आलेला आहे हे सांगता येतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तो गोल कसा राहिला, हेही त्यांनीच सांगितलं. शेलमध्ये थेट सापडणारे अमोनाइट दाबाने चपटे झालेले असतात. याच्याभोवतीचा चिखल दबण्याआधीच घट्ट होऊन गोळा बनला होता, त्या कवचात हा वाचला. तो चिखल टेथिस समुद्राच्या तळाचा, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा. भारत आशियाला धडकल्यावर तो तळच उचलला गेला.

इथे मी माझा दुसरा शोध पुढे केला. तळाला प्राणवायू नव्हता, कारण चक्र अगदी स्वच्छ होतं. तळावर पडलेल्या मोठ्या शंखावर कालवं, नळीत राहणारे कृमी घर करतात, इथे एकही नव्हतं. मी हे कुठेतरी वाचलं होतं आणि ते वापरायला मिळाल्याने खूश होते.

मॅडम गप्प. मग त्यांनी फोटोची खालची कड मोठी केली. तिथे दगड फुटल्यामुळे दोन कप्प्यांचा छेद दिसत होता: वर काळा चिखल, खाली पांढरं स्फटिकासारखं कॅल्साइट, मध्ये सरळ रेघ.

"शंखाला तडा गेला की चिखल आत शिरतो आणि खाली बसतो. वर राहिलेल्या पोकळीत पुढे कॅल्साइट भरतं. ती रेघ म्हणजे त्या वेळच्या तळाची पाणसळ. आता सांगा, पांढरं कुठे हवं?"

वर. माझ्या फोटोत खाली होतं.

म्हणजे दगड उलटा होता. मी ज्या बाजूचा फोटो काढला ती शंखाची चिखलात टेकलेली बाजू. तिथे कालवं चिकटणारच नव्हती, पाण्यात प्राणवायू असो वा नसो. माझं सगळं अनुमान खालच्या गालावर बेतलेलं होतं आणि उत्तर असेल तर ते मातीत रुतलेल्या वरच्या गालावर.

मी म्हटलं, "मग दगड घरंगळून उलटला असणार."

"किंवा थरच उलटलेले असतील. हिमालयात घड्या पडून सगळे थर पालथे झाल्याच्या जागा आहेत. शेजारच्या खडकाचा फोटो आहे?"

शेजारचा खडक चौकटीच्या बाहेर होता. मी तो मुद्दामच कापला होता, फोटो सुंदर दिसावा म्हणून. सगळे थर पालथे की एकच दगड, हे दहा पावलं मागे सरकून काढलेल्या एका बेढब फोटोने कळलं असतं.

आणि शंखच कुठला, हेही पक्कं नाही. मेल्यावर रिकामा शंख कप्प्यांतल्या वायूवर दूरवर वाहत जाऊ शकतो. म्हणून अमोनाइटवरून त्या पाण्यातलं जगणं कळतं, पण तो पडला त्या तळाबद्दल विचारायचं तर तळावरच राहणाऱ्यांना विचारावं लागतं: चिखलातली बिळं, शिंपले, ते आहेत की नाहीत. माझ्या चौकटीत त्यातलं काहीच नव्हतं.

उतारावर खाली येताना दोन मुलांनी तळहातावर सुटे छोटे गोळे दाखवले होते. मला तेव्हा ते माझ्या रुतलेल्या दगडापेक्षा देखणे वाटले. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "उचललेला गोळा प्राण्याबद्दल सांगेल. तो कुठल्या थरात, कुठली बाजू वर करून पडला होता, ते जागेवरच राहतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मी ड्रायव्हरदादांना लांग्झावरून वळवाल का विचारलं. त्यांनी आरशातून पाहिलं आणि गटातल्या बाकी अकरा जणांनीच आधी नाही म्हटलं.