तुम्ही विचारलंत म्हणून: गिरणी, एक चहा आणि ‘येऊ द्या’

“ती गिरणीतली चहाची गोष्ट भारी आहे, पण एवढीच? पुढं काय झालं त्या दोघींचं?”

पुढं दळण झालं आणि दोघी आपापल्या घरी गेल्या. खरंच एवढंच. पण हे उत्तर दिलं की लोकांना वाटतं मी टाळायलोय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो, ती गोष्ट तिथंच का थांबते ते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी गोष्ट, तशीही ती वाचायला अर्धा मिनिट लागतो:

लाइट गेली. म्हातारीची ज्वारी अर्धी दळून झालेली, दुसरीचे गहू नंबरात. गिरणीवाला डीपीकडं गेला. आतून त्याच्यासाठी आलेला चहा निवत चालला, तेव्हा म्हातारीनं अर्धा बशीत ओतून घेतला आणि कप तिच्याकडं सरकवला. लाइट आली. “माझी ज्वारी येईल बघ जराशी तुझ्या गव्हात,” म्हातारी म्हणाली. “येऊ द्या,” ती म्हणाली.

झालं. ह्याला कुणी अलक म्हणजे अति लघु कथा म्हणतं, कुणी नुसतंच पोस्ट म्हणतं, मला दोन्ही चालतं.

आता पहिला कच्चा खर्डा ह्याच्या तिप्पट होता. त्यात गावाचं नाव होतं, आमच्या परभणीकडचं एक तालुक्याचं गाव. मार्चचा महिना होता, नवीन मालदांडी ज्वारी नुकतीच घरात आलेली. ती दुसरी बाई बदली होऊन आलेल्या मास्तरची बायको होती, गावात कुणाला ओळखत नव्हती, आणि म्हातारीला एक मुलगी होती जी पुण्याला असते आणि फोन करत नाही. भारनियमनावर तर अख्खा पॅरा होता. 2005 नंतरच्या त्या वर्षांत आपल्याकडं दिवसदिवस लाइट नसायची, वीजगळती आणि थकबाकी बघून फीडरचे ए, बी, सी असे गट पाडलेले, ज्याचा गट खालचा त्याचे अंधाराचे तास जास्त, आणि मराठवाड्यातले कित्येक फीडर खालीच. हे सगळं खरं आहे आणि लिहिताना मला लई चांगलंही वाटलं होतं. पण काढलं, कारण मराठवाड्यातल्या माणसाला “लाइट गेली” ह्या दोन शब्दांत ते सगळं आधीच ऐकू येतं. तुम्ही हे वाचताना आपल्या गावचं वेळापत्रक स्वतःच आठवता, कुणाला सकाळचे तास आठवतात कुणाला संध्याकाळचे, मी मध्येच माझं सांगत बसलो तर तुमचं पुसून जाईल. गंमत म्हणजे बऱ्याच जणांनी मला सांगितलं की मेणबत्तीचं वर्णन छान केलंय. त्यात मेणबत्ती नाहीच! दुपार आहे. पण लाइट गेली म्हणलं की त्यांनी आपली मेणबत्ती आणून ठेवली, आणि मी काय म्हणून काढून घेऊ.

पुण्याची मुलगी मात्र वेगळ्या कारणानं काढली. ती ठेवली असती तर चहा म्हणजे लगेच “म्हातारीला लेकीची आठवण आली” असं झालं असतं, आणि मग चहा चहा राहत नाही, औषध होतो. मला फक्त दोन अनोळखी बायका पाहिजे होत्या ज्यांना एकमेकींकडून काहीच नकोय, ज्या फक्त अडकून पडल्यात. आणि अडकण्यासाठी गिरणीसारखी जागा नाही. एस.टी. स्टँडवर लाइट गेली तर माणूस उठून बाहेर जातो, दवाखान्यात गेली तर तो बाकावर तसाच बसून राहतो पण त्याला आपलं दुखणं असतंच सोबत. गिरणीत तुमचं धान्य अर्धं वरच्या डब्यात आणि अर्धं खालच्या पिठाच्या डब्यात असतं, सोडून जाता येत नाही आणि घेऊनही जाता येत नाही.

इथं गिरणीबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण गोष्टीचा शेवट गिरणीनंच ठरवलाय, मी नाही.

गिरणीची मोटर थ्री फेजवर चालते. गावात कधीकधी सिंगल फेज येते, घरातला बल्ब लागतो, पंखा फिरतो, पण गिरणी बंदच. म्हणून गिरणीतल्या माणसांची “लाइट आली” आणि घरातल्या माणसांची “लाइट आली” ह्यात फरक असतो. दुसरं, लाइट जाते तेव्हा स्टार्टर आपोआप सुटतो, आणि लाइट परत आली तरी गिरणी आपोआप चालू होत नाही, कुणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं. आणि नुसतं बटण दाबूनही भागत नाही. चालता चालता बंद पडलेली असते ना, दोन दगडांच्या मध्ये धान्य अडकून बसलेलं असतं, तशीच चालू केली तर मोटर लोड घेत नाही, नुसती घुमते, पट्टा घसरतो आणि रबर जळल्याचा वास सुटतो. म्हणून जाणता गिरणीवाला आधी वरून धान्य पडायचं बंद करतो, दगड ढिला सोडतो, मग स्टार्टर दाबतो, मोटरनं स्पीड पकडला की दगड परत आवळतो आणि हळूहळू धान्य सोडतो.

ह्या सगळ्याला फार वेळ लागत नाही, पण लाइट आलीय आणि गिरणी अजून चालू नाही अशी एक फट पडते, आणि माझं सगळं त्या फटीतच बसवायचं होतं. कारण गिरणी चालू असताना तिथं कुणीच कुणाशी धड बोलू शकत नाही, पट्ट्याचा फटफट आवाज, दगडाची घरघर, सगळे हातवारे करतात. म्हातारीला ज्वारीचं जे सांगायचंय ते तिनं आत्ताच सांगितलं पाहिजे, एकदा बटण दाबलं की संपलं. पहिल्या खर्ड्यात हे वाक्य ती चहा पिता पितानाच बोलत होती आणि ते लई लुळं पडत होतं, वाचताना कळत होतं की काहीतरी ढिलं आहे पण काय ते सापडत नव्हतं. मग ते उचलून “लाइट आली”च्या नंतर ठेवलं आणि लगेच जागेवर बसलं. शब्द तेच, फक्त खाली सरकवले.

म्हणून “पुढं काय” ह्याचं उत्तर असं की पुढं आवाज आहे. एवढ्या छोट्या गोष्टीत लाइटचं जाणं-येणं हे नुसतं वातावरण म्हणून ठेवलं तर वाया जातं, ते गोष्टीचं घड्याळ झालं पाहिजे. जाते तेव्हा गोष्ट सुरू, येते तेव्हा संपत आली.

चहाचंही असंच झालं. आधी मी हॉटेलातून चहा मागवला होता, पोऱ्या दोन चहा घेऊन आला, दोघींनी प्याला. आता दोघींना दोन चहा मिळाले तर त्यांना एकमेकींची गरजच काय? मग एक चहा केला, तर प्रश्न आला की एकच का, कंजूष आहे का गिरणीवाला. शिवाय हॉटेलातला चहा आता कागदी कपात येतो, त्याला बशी नसते, आणि बशीशिवाय अर्धा करायचा कसा. कागदी कपातला चहा एकीनं पिऊन उरलेला दुसरीला द्यायचा म्हणजे उष्ट्याचा प्रश्न, ओळखदेख नसताना ते कुणी करत नाही आणि आमच्याकडं तर त्यात अजून चार गोष्टी निघतात ज्या सगळ्यांना माहिती आहेत. मग सुचलं की हा चहा ह्यांचा नाहीच, गिरणीवाल्याचा आहे. गिरणी घरालाच लागून, लाइट गेल्यावर तो बघायला गेलाय की अख्ख्या गावाची गेली का आपल्याच डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, डीओ फ्यूज पडला, आणि आतून त्याच्या बायकोनं सवयीनं कपबशी पुढं केली. गॅसला लाइट लागत नाही. आता एकच का, बशी कुठून आली, सगळे प्रश्न “आतून” ह्या एका शब्दानं मिटले. आणि दुसऱ्याचा चहा निवतोय म्हणून दोघींनी मिळून संपवणं, ह्यात थोडी चोरीही आली, आणि सोबत चोरी केलेल्या माणसांना ओळख करून घ्यायची गरज पडत नाही. म्हातारीनं बशी स्वतःला घेतली आणि कप दुसरीला दिला, हे मात्र मी ठरवून केलं नव्हतं, म्हाताऱ्या बायका बशीतूनच पितात, तसं लिहिलं गेलं.

काही जणांनी सुचवलं होतं की शेवटी कळू द्या त्या दोघी नात्यातल्या निघाल्या, नाहीतर त्यांच्या घरांत शेताच्या बांधावरून कोर्टात केस चालू आहे. असा झटका देणाऱ्या गोष्टी खूप फिरतात आणि वाचताना मजाही येते, पण झटका कळला की गोष्ट संपली, दुसऱ्यांदा वाचायला काही उरत नाही. आणि दोन अनोळखी माणसं शेवटी ओळखीची निघाली तर मग अनोळखी माणसांची गोष्ट कुणी लिहायची?

टाकायच्या आधी मी ही माझ्या चुलतीला वाचून दाखवली. ती असलं काही वाचत नाही, पण गिरणीत तिचा जन्म गेलाय. माझी टेस्ट साधी असते, ऐकणाऱ्यानं “कोण होत्या त्या?” विचारलं तर चालतं, “काय झालं नेमकं?” विचारलं तर परत लिहायला बसायचं. तिनं दोन्ही विचारलं नाही. ती म्हणली, “आसं कसं येऊ द्या म्हणली ती? पहिलं पसाभर पीठ बाजूला काढाया लावायचं असतंय. गव्हात ज्वारी गेली की पोळी फाटती.”

मी म्हणलं, तिला माहिती नसेल का हे?

“न माहिती असायला काय झालं, बाईमाणूस हाय ना,” चुलती म्हणली, आणि जरा थांबून, “मग चहाच्यामुळं म्हणली व्हय. बरं, ऱ्हाऊ दे.”

त्यामुळं पार्ट टू लिहा म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, त्या रात्री तिच्या घरी पोळ्या फाटल्या असतील, आणि नवऱ्यानं विचारलं असेल तर काय सांगितलं असेल ते तुम्हीच लिहा, मला टॅग करा, मी वाचतो.