पहाटे चार दहाची सुई

गेल्या मे महिन्यात एका सकाळी पावणेअकराला नाइट ड्युटीची एक सिस्टर माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. आमच्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम माझ्याकडे आहे. सुई टोचली की फॉर्म माझ्याच हातून भरला जातो. "मॅडम, थोडंसंच लागलं. फॉर्म काहून भरायचा?" असं म्हणत तिने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. ठिपका जेमतेम दिसत होता.

टोचल्याची वेळ पहाटे चार दहा. कळवल्याची वेळ दहा पंचेचाळीस. हे साडेसहा तास ती गप्प का होती, हे मी विचारलं नाही. इन्चार्ज काय म्हणतील, याची भीती कोणत्या सिस्टरला नसते?

ओठ हलवत हलवत मी रकाने भरत गेले. सुई पोकळ, बावीस नंबरची, शिरेतून रक्त काढलेली. हातमोजा होता, तो भेदून आत गेली, रक्त आलं. पोकळ सुईच्या नळीत रक्त राहतं, म्हणून टाके घालायच्या भरीव सुईपेक्षा तिचा धोका जास्त. टोचल्यावर काय केलं, या रकान्यात तिने खरं सांगितलं: बोट दाबदाबून रक्त काढलं आणि वर स्पिरिट चोळलं. दोन्ही नको होतं. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बस.

तिच्या डोळ्यांत एचआयव्ही दिसत होता. सगळ्यांच्याच दिसतो. पण पेशंटच्या फाईलवर पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं: HBsAg पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर हजारात साधारण तिघांना लागण होते. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत, अंगात प्रतिकारशक्ती नसेल तर, शंभरात सहा ते तीस जणांना.

पेशंटला समजावून, संमती घेऊन, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीसाठी रक्त घेतलं. त्या गृहस्थाने स्वतःचं काही न विचारता एवढंच विचारलं, "सिस्टरले काही होईन काय?" रिपोर्टची वाट न बघता सिस्टरला पीईपीची, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायच्या औषधाची, पहिली गोळी दिली, कारण ती जितकी लवकर तितकी कामाची आणि बहात्तर तासांनंतर उपयोगाची नाही. दुपारी पेशंटचे दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले आणि अठ्ठावीस दिवसांचा कोर्स पहिल्याच गोळीवर थांबला.

आता हिपॅटायटिस बी. "लस घेतली आहे का?" या रकान्यात तिच्या भरतीच्या कागदांवर तीन डोसांची बरोबरची खूण होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी घेतलेली. टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं माप, मात्र कधीच केलेलं नव्हतं. तीन डोस घेऊनही काहींच्या अंगात अँटिबॉडी तयार होत नाहीत, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. दहाच्या वर हवं. तिचं आलं ३.८.

मग पळापळ. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, शक्यतो चोवीस तासांच्या आत द्यायचं असतं. ते आमच्या फार्मसीत नव्हतं. धंतोलीतल्या तिसऱ्या दुकानात मिळालं. बाहेर ऊन असं, की स्कूटरच्या सीटला हात लागत नव्हता. हे औषध दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे आणि गोठताही कामा नये. म्हणून बर्फाच्या पिशवीला टॉवेल गुंडाळून त्यावर कुपी ठेवली आणि डबा मांडीवर घेऊन ऑटोने आले. किलोमागे ०.०६ मिली, वजन बावन्न किलो, म्हणजे ३.१२ मिली. संध्याकाळी साडेपाचला ते एका बाजूला आणि लसीचा नवा पहिला डोस दुसऱ्या दंडात दिला. त्याआधी तिचं स्वतःचं HBsAg, बीच्या लागणीची दुसरी खूण असलेलं अँटी-एचबीसी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी तपासायला रक्त घेतलं होतं. आज टोचलेल्या सुईचा त्यात काही पत्ता लागत नाही, पण पुढे काही निघालं तर ते आधीचं की नंतरचं, हे त्याच कागदावरून ठरतं.

शेवटचा रकाना 'कारण'. इन्चार्जच्या अक्षरात तिथे आधीच 'निष्काळजीपणा' लिहिलेलं होतं. मी वॉर्डात जाऊन बघितलं. खाटेजवळचा पांढरा शार्प्स बॉक्स तोंडापर्यंत भरलेला, वर दोन सुया डोकावत होत्या. तीन चतुर्थांश भरला की बदलायचा असतो. जागा नाही म्हणून ती उघडी सुई ट्रेमध्ये घेऊन काउंटरकडे निघाली आणि वाटेत एका नातेवाइकाचा धक्का लागला. मी तो शब्द एका रेघेने खोडला, सही केली आणि हे सगळं लिहिलं. इन्चार्ज दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

लसीचा दुसरा डोस जूनमध्ये, तिसरा नोव्हेंबरमध्ये झाला. मध्येच ऑगस्टमध्ये तिने बाहेरून टायटर करून आणलं, चांगलं भरघोस. "झालं ना मॅडम?" मला नाही म्हणावं लागलं: त्या आकड्यात उसन्या अँटिबॉडीही असू शकतात, इंजेक्शनातून आलेल्या. त्या ओसरायला सहा महिने जाऊ द्यावे लागतात. नोव्हेंबरमध्ये HBsAg आणि अँटी-एचबीसी दोन्ही निगेटिव्ह आले, म्हणजे लागण झाली नव्हती. संक्रांतीनंतर पुन्हा टायटर केलं: २१४. हे तिचं स्वतःचं.

फाईल बंद करताना मी भरतीच्या फॉर्मची प्रत काढली. 'लस घेतली आहे का?' या ओळीखाली पेनाने आणखी एक ओळ आखली, 'टायटर किती, तारीख', आणि ती ऑफिसात पाठवली. छापून यायला मार्च उजाडला.