आमची वाटचाल: २९ तारांकडून एका केबलकडे

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सुट्या भागांची कॅमेऱ्याने तपासणी करणारी यंत्रे तयार होतात. कॅमेऱ्याचे बोर्ड आणि संगणकाच्या बाजूचे कॅप्चर कार्ड, दोन्ही आम्हीच बनवतो. या दोघांना जोडणारी केबल आमच्याकडे दोनदा बदलली. आमची वाटचाल सांगायची तर या केबलचीच हकीकत सांगावी लागेल, कारण प्रत्येक वेळी वेग अडला तो तिथेच.

सुरुवातीच्या यंत्रांत सरळ समांतर बस होती. डेटाच्या २४ तारा, फ्रेम आणि ओळ कुठे सुरू होते हे सांगणाऱ्या ४ आणि क्लॉकची १, अशा एकूण २९. प्रत्येक सिग्नलशेजारी एक ग्राउंड घेतला की ६० तारांची चपटी रिबन केबल लागते. क्लॉकची कड आली की समोरचा चिप सगळ्या तारा एकदम वाचतो. ४० मेगाहर्ट्झला हे उत्तम चालते. एक ठोका २५ नॅनोसेकंदांचा असतो आणि तेवढ्या वेळात थोडेफार मागे-पुढे झालेले खपून जाते.

या मागे-पुढे होण्यालाच स्क्यू म्हणतात. एकाच क्षणी निघालेले २९ सिग्नल पलीकडे एकाच क्षणी पोचत नाहीत. कारण विचारले तर बहुतेक जण आधी बोर्डावरच्या ट्रेसच्या लांबीकडे बोट दाखवतात आणि ट्रेसला नागमोडी वळणे देत बसतात. हिशोब मात्र वेगळेच सांगतो. नेहमीच्या एफआर-४ बोर्डावर सिग्नलला एक मिलिमीटर जायला ६ ते ७ पिकोसेकंद लागतात. म्हणजे ३० मिलिमीटरचा फरक पडला तरी तो जेमतेम ०.२ नॅनोसेकंदाचा. २९ सिग्नलना आठ-आठ वाटांचे चार बफर चिप लागतात, आणि एका चिपपेक्षा दुसरा दोन नॅनोसेकंद उशिरा चालू शकतो. खरा फरक तिथे पडतो. रिबनमधल्या शेजारच्या तारांचाही त्यात हात असतो. दोन्ही शेजारी उलट्या दिशेने बदलले तर मधली कड रेंगाळते, एकाच दिशेने बदलले तर लवकर पोचते. म्हणजे तीच तार कधी उशिरा तर कधी लवकर, तेही चित्रात काय आहे त्यावर अवलंबून. लांबी जुळवून हा फरक जात नाही.

आमच्या बोर्डांवर सगळे मिळून सुमारे ४ नॅनोसेकंद स्क्यू भरायचा. कडा चढून स्थिर व्हायला आणखी ४. वाचणाऱ्या चिपला क्लॉकच्या आधी ३ आणि नंतर १ असा ४ नॅनोसेकंद स्थिर डेटा लागायचा. २५ मधून ८ गेले तर १७ उरतात आणि लागतात फक्त ४, म्हणजे काहीच अडचण नाही. ८० मेगाहर्ट्झला ठोका १२.५ चा होतो आणि ४.५ उरतात. हाती अर्धाच नॅनोसेकंद राहतो आणि तो उन्हाळ्यात तापलेल्या पेटीत सहज संपतो. १०० मेगाहर्ट्झला १० मधून ८ गेल्यावर २ उरतात, म्हणजे बस चालतच नाही. मुद्दा असा की ठोका लहान करता येतो, पण त्याबरोबर स्क्यू लहान होत नाही. शिवाय जितक्या तारा जास्त, तितकी सर्वांत लवकर आणि सर्वांत उशिरा येणाऱ्या तारेतली तफावत वाढते. म्हणून रुंदी वाढवून वेग मिळवायचा मार्गही याच भिंतीवर आपटतो.

हा बिघाड कसा दिसतो हे एकदा पाहिले की पुन्हा विसरत नाही. राखाडी रंग हळूहळू उजळत जाणाऱ्या भागात, बरोबर मधल्या छटेवर, पांढरे किंवा काळे ठिपके रांगेने उमटतात. बाकी चित्र स्वच्छ असते. कारण या दोन आकड्यांत आहे:

```
127 = 01111111
128 = 10000000
```

१२७ वरून १२८ वर जाताना आठही बिट एकदम बदलतात. सर्वांत वरचा बिट आधी पोचला आणि नेमके त्या क्षणी वाचन झाले तर ११११११११ म्हणजे २५५ मिळतो, लख्ख पांढरा ठिपका. तोच बिट उशिरा आला तर ०००००००० म्हणजे काळा ठिपका. म्हणून कॅमेऱ्याचे खरे चित्र बाजूला ठेवून आम्ही ० ते २५५ अशी चढती पट्टी पाठवतो आणि ठिपक्याचा रंग पाहतो. रंगावरूनच कळते की वरचा बिट लवकर येतोय की उशिरा.

दुसऱ्या टप्प्यात २९ तारांच्या पाच जोड्या झाल्या. कॅमेरा लिंक हे २००० साली आलेले मानक हेच करते. २८ सिग्नल चार जोड्यांवर, प्रत्येक जोडीवर एका ठोक्यात सात बिट, आणि पाचवी जोडी क्लॉकची. ८५ मेगाहर्ट्झला २४ बिट म्हणजे सेकंदाला २.०४ गिगाबिट चित्र जाते. केबल बारीक झाली आणि तारांचा शेजारधर्म बराच सुटला, कारण जोडीतल्या दोन तारा एकमेकींच्या उलट चालतात.

पण स्क्यू गेला नाही. तो फक्त २९ तारांऐवजी पाच जोड्यांत आला आणि त्याला मिळणारी जागा मात्र आक्रसली. ८५ च्या सातपट म्हणजे ५९५ मेगाबिट, तेव्हा एक बिट १.६८ नॅनोसेकंदांचा. पाठवणाऱ्या चिपची बिटांची जागा आणि वाचणाऱ्याची नेमकी वेळ यांतली अनिश्चितता वजा केल्यावर केबलसाठी सुमारे ३०० पिकोसेकंद उरतात. चांगल्या कॅमेरा लिंक केबलमध्ये जोडी-जोडीतला फरक मीटरला ५० पिकोसेकंदांपर्यंत असतो. ५ मीटरला २५० होतात, म्हणजे जेमतेम जमते. १० मीटरला ५०० होतात आणि पुढे मार्ग नाही. तीच १० मीटरची केबल ४० मेगाहर्ट्झला बहुधा चालते, कारण तिथे बिट ३.५७ नॅनोसेकंदांचा असतो आणि उरणारी जागाही त्या मानाने मोठी. तेव्हा ठोका कमी केल्यावर बिघाड गेला तर आम्ही आधी केबलकडे पाहतो. दुसरी खूण अशी की चुका एकाच जोडीच्या सात बिटांपुरत्या असतात, बाकी २१ बिट निर्दोष. डेटाच्या चारही जोड्यांत चुका असतील तर क्लॉकची जोडी किंवा पॉवर तपासावी.

साधी लॅन केबल स्वस्त मिळते आणि तीही जोड्यांचीच असते, म्हणून इथे वापरण्याचा मोह होतो. तिथे गाडी पहिल्या मीटरलाच अडते. कॅट-५ई केबलमध्ये जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवलेला असतो, म्हणजे एकीचा आवाज दुसरीत जात नाही. पण जास्त पीळ म्हणजे जास्त लांब तांबे. १०० मीटरला ४५ नॅनोसेकंद फरक मानकालाच मान्य आहे. तो मीटरला ४५० पिकोसेकंद होतो, आमच्या गरजेच्या नऊपट. गिगाबिट इथरनेट याच केबलवर चालते, कारण तिथला रिसीव्हर चारही जोड्यांतला उशीर स्वतः मोजून भरून काढतो. कॅमेरा लिंकच्या साध्या चिपकडे ती सोय नाही.

तिसऱ्या टप्प्यात क्लॉकची वेगळी तारच काढून टाकली. घरच्या संगणकात हाच बदल आपण सगळ्यांनी पाहिला. हार्ड डिस्कची ८० तारांची रुंद पट्टी ४५ सेंटीमीटरवर आणि सेकंदाला १३३ मेगाबाइटवर थांबली, आणि २००३ पासून तिची जागा साटाच्या बारीक केबलने घेतली. आम्ही एका कोअ‍ॅक्स केबलवर ३.१२५ गिगाबिट पाठवतो. बिट ३२० पिकोसेकंदांचा. जोड्यांमध्ये मीटरला ५० पिकोसेकंद फरक धरला तर सात मीटरात अख्खा बिट मागे पडला असता, पण इथे मागे पडायला दुसरी तारच नाही. क्लॉक डेटाच्या कडांतच असतो. केबल कितीही लांब असो, उशीर दोघांना सारखाच.

रिसीव्हरकडे जवळपास त्याच वेगाचे स्वतःचे क्लॉक असते. डेटा ० वरून १ वर किंवा १ वरून ० वर गेला की त्या कडेशी तो आपला ठोका जुळवतो आणि बिटच्या मधोमध वाचतो. यासाठी कडा सतत याव्या लागतात. काळ्या चित्रात सलग शून्ये आली तर जुळवायला काहीच उरणार नाही. म्हणून १९८३ साली आयबीएममध्ये मांडलेली ८बी/१०बी पद्धत वापरतात. आठ बिटांसाठी दहा बिट अशा बेताने पाठवतात की सलग पाचपेक्षा जास्त सारखे बिट येत नाहीत आणि एक-शून्यांचा तोल राहतो. तोल राहिल्यामुळे सिग्नल कपॅसिटरमधूनही नीट जातो. ३.१२५ मधले २.५ गिगाबिट कामाचे राहतात, तरी ते २.०४ पेक्षा जास्तच आहेत. दहा बिटांची गाठ म्हणजे एक चिन्ह, आणि ते कुठे सुरू होते हे सांगायला K28.5 हे खास चिन्ह लागते. त्यातली सुरुवातीची सात बिटांची रचना योग्य डेटाच्या प्रवाहात चुकूनही येत नाही. एक-शून्यांचा तोल राखण्यासाठी त्याची RD- आणि RD+ अशी दोन रूपे असतात:

```
K28.5  RD-  0011111010
K28.5  RD+  1100000101
```

इथले बिघाड वेगळ्या तऱ्हेचे असतात. दोन टोकांची क्रिस्टल वेगळी, प्रत्येक दहा लाखांत १०० इतकी इकडे-तिकडे. दोन्ही विरुद्ध टोकाला असली तर दर ५००० चिन्हांमागे एक चिन्ह जास्त किंवा कमी पडते. एक चिन्ह ३.२ नॅनोसेकंदांचे, म्हणजे दर १६ मायक्रोसेकंदांनी. त्यासाठी पाठवणारा अधूनमधून रिकामी चिन्हे घालतो आणि रिसीव्हरचा बफर गरजेप्रमाणे ती गाळतो किंवा वाढवतो. ती घालायची राहिली की चूक घड्याळासारखी नेमक्या अंतराने येते. म्हणून चुकांच्या वेळा आम्ही नोंदवतोच. अंतर सारखे असेल तर क्रिस्टल आणि रिकामी चिन्हे पाहावीत. ते विस्कळीत असेल तर पॉवरमधला आवाज किंवा कनेक्टर. एखाद्या ठराविक चित्रालाच चुका येत असतील तर केबल लांब पडतेय आणि कडा पुरेशा वर चढत नाहीत.

एक केबल पुरत नसेल तेव्हा दोन किंवा चार घेतो. त्या समांतर बससारख्या वाटतील, पण प्रत्येक केबल आपले क्लॉक स्वतः काढते. नंतर सगळ्यांवर एकदम पाठवलेली खूण पाहून बफरमध्ये शब्द जुळवतात. इथे एक केबल दुसरीपेक्षा दोन मीटर लांब असली तरी सुमारे १० नॅनोसेकंदांचाच फरक पडतो, म्हणजे तीन-चार चिन्हांचा. त्यासाठी केबली मोजून कापत बसायची गरज पडत नाही.

सेन्सरपासून त्याच्या शेजारच्या एफपीजीए या प्रोग्राम करता येणाऱ्या चिपपर्यंत ४० मिलिमीटरच्या वाटेवर मात्र आम्ही आजही समांतर बसच ठेवतो. तिथे चार बफर चिप नाहीत, रिबन नाही, कोड करण्यात जाणारा वेळही वाचतो. ट्रेसची लांबी ५ मिलिमीटरच्या आत जुळवली की फरक ३५ पिकोसेकंदांच्या पुढे जात नाही.